मीठ पोचलं

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधला 'उपास' आठवा. वजन कमी करायचा साधा निश्चय, पण थाट एखाद्या घोर तपश्चर्येचा. अख्खी चाळ सल्ले द्यायला धावते. ही झाली अतिशयोक्ती. शेवटी काटा वाढलेलं वजन दाखवतो. या फुग्याला टाचणी लागते ती अशा कोरड्या नोंदीची.

आता नाशिकमधलं कुठलंही रात्रीचं जेवण घ्या. आमटी खारट झालीय. नातू ओरडतो, "अरबी समुद्र आटला असेल आज!" सगळे हसतात, कारण समुद्र आणि वाटी यांतलं अंतर उघड आहे. आजोबा एक भुरका मारतात, पाण्याचा तांब्या जवळ ओढतात आणि म्हणतात, "मीठ पोचलं." हसू जास्त येतं. खारटपणा प्रत्येकाच्या जिभेवर आहेच, आजोबांनी तो फक्त मोजायचा नाकारला. अतिशयोक्ती आकडा स्वतः सांगते, न्यूनोक्ती तो ऐकणाऱ्याला भरायला लावते.

धोकाही तिथेच आहे. आमटी नव्या सुनेने केली असेल, तर ती त्या रिकाम्या जागेत स्वतःची परीक्षा भरते. "मीठ पोचलं" हा टोमणा होतो, आणि आजोबा म्हणू शकतात, "मी कुठे काय बोललो?" समुद्रवाल्याला तशी पळवाट नसते.

'उपास' कुणाला बोचत नाही, कारण त्यात काट्यावर निवेदक स्वतःच उभा आहे. जेवणाच्या टेबलावर विनोद पारखायचा तर हसणाऱ्यांकडे बघू नका, वाढणाऱ्या हाताकडे बघा.