गुंडाळलेला घाट

कसारा स्टेशनात गाडी थांबली की रोजच्या प्रवाशाचे कान नकळत मागच्या बाजूला लागतात. शेपटीला जादा इंजिनं जोडली जातात, डब्याडब्यातून एक हलकासा धक्का सरकत पुढे येतो आणि इगतपुरीकडे थळ घाटाचा चढ सुरू होतो. या घाटातला चढ आहे ३७ ला १. ३७ मीटर पुढे सरकावं तेव्हा १ मीटर वर जायचं. सातपूरच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा घाट कधी डोंगरात पसरलेला दिसतच नाही. तो मला एका लोखंडी दांड्याभोवती गुंडाळलेला दिसतो.

आपणही तो गुंडाळून पाहू. कागदाचा एक लांबट काटकोन त्रिकोण कापायचा, तळ ११५ मिलिमीटर आणि उंची अवघी ७ मिलिमीटर, आणि तो साडेछत्तीस मिलिमीटर जाडीच्या नळीभोवती लपेटायचा. तिरकी कड नळीभोवती एक फेरा घेते आणि निघाली होती तिथून बरोबर ७ मिलिमीटर वर येऊन पोचते. हा झाला ४० मिलिमीटर व्यासाच्या, ७ पिचच्या ट्रॅपिझॉइडल लीड स्क्रूचा एक आटा. साडेछत्तीस हा त्याचा मधला व्यास, कारण नटाचा भार आट्याच्या टोकावर नसतो की बुडाशी नसतो, तो उताराच्या मध्यावर टेकलेला असतो. ११५ ला ७, म्हणजे साधारण १६ ला १. थळ घाटाच्या दुपटीहून तीव्र असा हा घाट आपल्या मुठीत मावतो आणि मोटर फिरते तेव्हा नट हा घाट चढत असतो.

या घाटाचं सर्वांत निवांत रूप पाहायचं तर कारखान्यात जाऊ नये, गंगापूर धरणाच्या कालव्याच्या बाजूला, एखाद्या चारीच्या तोंडाशी जाऊन उभं राहावं. तिथे लोखंडी चौकटीत एक लहानसं गेट असतं, गेटाला उभा आट्यांचा रॉड, त्यावर काळपट ग्रीसचा थर, आणि त्या ग्रीसमध्ये उन्हाळ्याची धूळ बसलेली. पाटकरी हँडल फिरवतो तेव्हा नीट पाहा: रॉड फिरत नाही, तो नुसता वर वर येत राहतो, फिरतो तो वरच्या खोक्यात बसलेला नट. समजा, गेटाचं वजन आणि पाण्याच्या दाबाने खाचेत होणारं घर्षण मिळून रॉडवर एक टनाचा भार आहे. आपल्या ७ पिचच्या स्क्रूवर तो उचलायला ४० सेंटिमीटरच्या हँडलच्या टोकाशी साडेआठ-नऊ किलोचा रेटा पुरतो. नटाखालच्या वॉशरचं घर्षण धरलं तर थोडा जास्त. मोबदल्यात गेट ६० सेंटिमीटर उचलायला ८६ फेरे मोजावे लागतात.

पण खरी मौज पाटकऱ्याने हात काढल्यावर आहे. तो हँडल सोडतो, कपाळ पुसतो, तंबाखूची डबी काढतो, आणि एक टनाचा भार जिथल्या तिथे लटकत राहतो. ना खिट्टी, ना ब्रेक. रात्रभर, आवर्तन संपेपर्यंत, गेट त्याच उंचीवर.

हे कसं घडतं याचं उत्तर त्या ग्रीसखाली आहे. पोलादी आट्यावर गनमेटलचा नट घासतो, त्या जोडीचा घर्षणांक ग्रीससह ०.१२ धरू. आट्याची बाजू थोडी कललेली असल्याने तो व्यवहारात किंचित वाढतो आणि हिशेब असा निघतो की ही जोडी ८ ला १ इतक्या चढावरसुद्धा घसरणार नाही. आपला घाट तर १६ ला १ आहे. उतार मऊ, पकड घट्ट. म्हणून नट बसल्या जागी बसून राहतो. या पकडीची किंमत मात्र वर चढताना चुकवावी लागते. हाताने घातलेल्या कष्टातला एक तृतीयांशच गेट उचलण्यात जातो, उरलेले दोन भाग आटे घासण्यात खर्ची पडतात. कार्यक्षमता सुमारे ३३ टक्के. पुस्तकातल्या तक्त्यात हा आकडा पाहून विद्यार्थी नाक मुरडतात. मला त्यांना चारीवर न्यावंसं वाटतं.

कारण इथे एक सुंदर अट लपलेली आहे. स्वतःहून थांबणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. विचार करून पाहू: भार खाली येताना जेवढं काम देऊ पाहतो तेवढं सगळं घर्षणाने गिळलं, तरच तो जागेवर थांबेल. जे घर्षण उतरताना एवढं गिळू शकतं, ते चढतानाही निदान तेवढंच गिळणार. म्हणजे भाराच्या वाट्याला जितकं, घर्षणाच्या वाट्याला कमीत कमी तितकंच. थांबणं आणि काटकसर, दोन्ही एकाच आट्यात मागता येत नाहीत.

ही सीमारेषा हाताला जाणवावी अशी जागा म्हणजे दोन सुरुवातींचा स्क्रू. दांड्याच्या टोकाकडे सरळ पाहिलं तर आट्याचं तोंड एका ठिकाणी सुरू होतं की समोरासमोर दोन ठिकाणी, हे नखाने चाचपूनसुद्धा कळतं. दोन तोंडं असतील तर शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, ७ च राहतं, पण एका फेऱ्यात नट १४ मिलिमीटर सरकतो. हे झालं लीड. पिच आणि लीड यांची गल्लत करून मागवलेले स्क्रू मी गोदामात पडून राहिलेले पाहिले आहेत. आता चढ झाला जवळपास ८ ला १, म्हणजे बरोबर पकडीच्या काठावर. असा स्क्रू आज भार धरून ठेवेल, आणि उद्या कुणी मायेने स्वच्छ करून ताजं ग्रीस भरलं, घर्षणांक ०.१० वर आला, की तोच भार हळूच उतरू लागेल. शेजारी पंचिंग प्रेस धडधडत असेल तर ग्रीसचीही गरज नाही, हादराच पुरतो. काठावरच्या स्क्रूवर विसंबून कुणाच्या डोक्यावर वजन टांगू नये.

आता अंबडच्या एखाद्या शेडमधल्या व्हीएमसीपाशी येऊ. एकाखाली एक सरकणारी पत्र्याची कव्हरं बाजूला सारली की आत दिसतो तो बॉल स्क्रू: ग्राइंड केलेला, आरशासारखा, तेलाने ओला. इथे धारदार आटे नाहीत, गोलसर पन्हळ आहे आणि पन्हळीत छर्रे आहेत. नटाच्या पोटात पन्हळीचे काही वळसे पार केले की छर्रे एका वाटेने उचलले जाऊन पुन्हा सुरुवातीला येतात. किंचित मोठे छर्रे भरून किंवा दोन नट एकमेकांवर ताणून त्यांना असं दाबून बसवलेलं असतं की मागेपुढे तसूभर प्ले राहत नाही. जुन्या मिलिंग मशीनवर ज्याने काम केलं आहे त्याला याचं मोल सांगावं लागणार नाही. नटात प्ले असताना कटरच्या फिरण्याच्या दिशेने जॉब सरकवला, की कटर टेबलालाच हिसका मारून पुढे ओढून घेत असे आणि दाता तुटत असे.

हा स्क्रूही घाटच. ४० व्यासाला १० लीड म्हणजे साडेबारा ला १, मघाच्या स्क्रूपेक्षा थोडासाच तीव्र. फरक चढाचा नाही, चढणाऱ्याचा आहे. तिथे दगड घासत नेला होता, इथे गाडीला चाकं लागली. कार्यक्षमता ९० टक्क्यांवर जाते. मशीनचं ४०० किलोचं हेड वर न्यायचं आहे असं धरू. एका फेऱ्यात हेड १० मिलिमीटर चढतं, त्यासाठी खरं काम लागतं ४० ज्यूल, आणि मोटरला द्यावे लागतात ४४ च्या आसपास. त्या ठिकाणी आपला ७ पिचचा लीड स्क्रू बसवला असता, तर एका फेऱ्यात २८ ज्यूलचं काम व्हायला मोटरने ८५ मोजले असते. उरलेले ५७ ज्यूल नटाच्या गनमेटलमध्ये उष्णता होऊन शिरले असते.

कालव्यावर हे ५७ ज्यूल कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पाटकरी सावकाश फिरवतो, वारा लागतो, नट थंड राहतो. पण व्हीएमसीचं हेड मिनिटाला २० मीटर वेगाने पळतं. त्या वेगाला ७ पिचचा स्क्रू सेकंदाला ४७ हून अधिक फेरे घेईल आणि दर फेऱ्याला ५७ ज्यूल, म्हणजे नटात २,७०० वॉटची शेगडी. न्हाणीघरातला २ किलोवॉटचा गिझर याहून सौम्य. असा नट काही मिनिटांत तापून, ग्रीस जाळून, स्क्रूला चिकटेल. बॉल स्क्रू तिथे का हवा, याचं उत्तर अचूकतेच्या आधी या उष्णतेत आहे.

आणि तरीही मला त्याच्याबद्दल थोडी धास्ती वाटत आली आहे. चाकं लावलेली गाडी घाटात उभी राहत नाही. थळ घाट चढणारी गाडी मध्येच थांबली तर ब्रेकच तिला धरतो. आणि मघाचं ४०० किलोचं हेड वीज गेल्यावर मोटरला उलटं फिरवू पाहतं, जवळपास साडेपाच न्यूटन-मीटरच्या जोराने. म्हणून उभ्या अक्षाच्या मोटरमध्ये स्प्रिंगचा ब्रेक असतो. वीज असेपर्यंत चुंबक त्याला उघडा ठेवतो, वीज गेली की स्प्रिंग त्याला मिटते. इमर्जन्सी बटण दाबल्यावर कान दिलात तर ते ‘टक्’ ऐकू येईल. ब्रेक मिटायला क्षणाचा अंश लागतो, तेवढ्यात हेड किंचित बसतं. स्पिंडलखाली डायल लावून बटण दाबा, सुई किती हलते ते लिहून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. आकडा वाढत चालला असेल तर ब्रेकची अस्तरं झिजली आहेत किंवा त्यांवर तेल गेलं आहे.

एका कारखान्यात नवख्या फिटरने उभ्या अक्षाची मोटर काढण्यासाठी कपलिंग सैल केलं तेव्हा मी दोन हात दूर होतो. ब्रेक मोटरमध्ये होता, आणि मोटर स्क्रूपासून सुटली होती. आरशासारखा तो दांडा गरगर फिरू लागला, एकही कर्कश आवाज न करता, आणि हेड टेबलावरच्या व्हाइसवर येऊन आदळलं. माणूस वाचला, कारण त्याचा हात नेमका पान्ह्याच्या पेटीत होता. स्क्रूच्या पन्हळीत मात्र छर्‍यांचे ठसे उमटले आणि पुढे त्या जागेवरून नट जाताना दर वेळी बारीक करकर ऐकू यायची.

बॉल स्क्रू असलेल्या उभ्या अक्षाची मोटर काढायची असेल तर कपलिंगला पान्हा लावण्याआधी हेडखाली जाड लाकडी ठोकळा ठेवा आणि हेड त्यावर टेकवा.