‘ओसीआर केले का?’ हा प्रश्न पुरेसा नाही

बारामती-इंदापूर भागातल्या एका छोट्या वाचनालयाची स्वयंसेवकांसाठीची यादी नुकतीच वाचली. जुन्या मासिकांच्या शोधता येणाऱ्या पीडीएफ करण्यासाठी ती आहे. पाने ३०० डीपीआयला स्कॅन करा, वाकडी पाने सरळ करा, ओसीआर चालवा, फाईलला वर्ष-महिना-अंक असे नाव द्या, बॅकअप घ्या. स्कॅनिंगचा भाग चांगलाच आहे. मूळ इमेज वेगळ्या जपून ठेवा हेही त्यात आहे, आणि ते बरेच जण विसरतात.

माझा आक्षेप एकाच ओळीवर आहे: ‘ओसीआर केले का? हो/नाही.’ ही ओळ काम झाले का ते विचारते, काम जमले का ते विचारत नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचे तर प्रक्रिया तपासली, निकाल नाही तपासला.

यादीतल्या पायरीची कमांड साधारण अशी असते:

```
ocrmypdf -l mar+eng --deskew --sidecar ank.txt ank.pdf ank-shodh.pdf
```

कमांड बरोबर आहे. ती चूक न दाखवता संपली की स्वयंसेवक ‘हो’वर टिक करतो. पण पानाच्या चित्रामागे जो मजकूर बसला तो कसा आहे, हे स्क्रीनवर दिसतच नाही. डोळ्यांना दिसते ते चित्र, शोध चालतो तो मागच्या मजकुरावर.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याबद्दल लोक काय लिहीत होते ते शोधायचे आहे. शब्द घेतला ‘शेतकऱ्यांना’. युनिकोडमध्ये याची ११ चिन्हे होतात: श, े, त, क, ऱ, ्, य, ा, ं, न, ा. ओसीआरची अचूकता दर चिन्हामागे ९५ टक्के आहे असे धरा. ऐकायला छान वाटते. पण शब्द सापडायला अकराच्या अकरा चिन्हे बरोबर हवीत, म्हणजे ०.९५ चा ११वा घात, सुमारे ०.५७. दहापैकी चार वेळा शब्द पानावर असूनही शोध ‘नाही’ म्हणणार. ९९ टक्के अचूकता असली तर हाच आकडा सुमारे ०.९० होतो. (चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे इथे धरलेय. प्रत्यक्षात त्या पुसट पानांवर गोळा होतात, त्यामुळे काही पाने उत्तम आणि काही पूर्ण वाया, असेही होते.)

आणि अचूकता शंभर टक्के असली तरी अडचण संपत नाही. ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, एकदा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द. त्यात ओसीआरने ‘सूर्य’मधला रफार टाकला तर तिसराच शब्द तयार होतो. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या अंकांत ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कालव्याचें’ असे अनुस्वार भेटतात. आजच्या सवयीने ‘कालव्याचे’ शोधले तर ‘कालव्याचें’ निसटेल, कारण मात्रेनंतर... नाही, नीट बघा: अनुस्वार शब्दाच्या शेवटी आहे, म्हणून तुकडा जुळवणारा शोध तो पकडेल. पण ‘घरातला’ शोधाल तर ‘घरांतला’ हमखास निसटेल, कारण अनुस्वार मध्ये आहे. आणि ‘कालवा’ शोधलात तर ‘कालव्याचें’ अजिबात येणार नाही, तिथे ‘कालव’ एवढाच तुकडा टाकावा लागतो.

मग यादीत काय हवे? माझ्या मते त्या एका ओळीच्या जागी ही तपासणी:

१. प्रत्येक अंकातून तीन पाने निवडा: एक स्वच्छ, एक पुसट, एक दोन रकान्यांचे.

२. छापील पानावरून डोळ्यांनी प्रत्येकी दहा शब्द लिहून काढा. त्यात जोडाक्षरे, गावांची नावे आणि ओळीच्या शेवटी तुटलेला एखादा शब्द असू द्या.

३. ते तीस शब्द छापल्याप्रमाणेच पीडीएफमध्ये शोधा आणि किती सापडले ते अंकाच्या नोंदीत लिहा.

दुसरी पायरी उलटी करू नका. ओसीआरच्या मजकुरातून शब्द उचलून शोधले तर ते सापडणारच, आणि तीसपैकी तीस येतील. आपल्याला मोजायचे आहे ते निसटलेले, आणि निसटलेले शब्द फक्त कागदावर असतात.

तीस शब्दांवरून नेमकी टक्केवारी निघत नाही, हे मान्य. पण २८ आणि १२ यांतला फरक कळायला तीस पुरतात. १२ आले तर ते पान पुन्हा स्कॅन करायचे की तसेच ठेवायचे ते वाचनालय ठरवेल. आकडा मात्र फाईलसोबत राहिला पाहिजे. कारण उद्या कुणी प्रबंधात ‘या मासिकात या विषयाचा उल्लेख नाही’ असे लिहील, तेव्हा उल्लेख खरंच नव्हता की शोधाला दिसला नाही, हे त्या आकड्याशिवाय सांगता येणार नाही.