न बदलणारा नायक: ‘फकिरा’ पुन्हा वाचताना

 

आजचा विषय एका आक्षेपातून निघाला आहे. कादंबरी शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की नायकाचा ‘विकास’ झाला पाहिजे. पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानावर वेगळा दिसला पाहिजे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली पात्रांचे दोन प्रकार सांगितले, सपाट आणि भरीव. ते वर्गीकरण आपण इतकं मनावर घेतलं की न बदलणारं पात्र म्हणजे सपाट आणि सपाट म्हणजे कच्चं, असं समीकरणच होऊन बसलं. मग अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ वाचला की शेरा ठरलेला असतो: नायक पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच शूर, तसाच सरळ; त्याच्यात घडत काहीच नाही.

निरीक्षण अगदी बरोबर आहे. फकिरा बदलत नाहीच. पण तो बदलला असता तर ही कादंबरी काय म्हणाली असती, हे आपण कधी तपासून बघतो का?

‘फकिरा’ १९५९ सालची. अण्णाभाऊंचं गाव वाटेगाव, वाळवा तालुका. कथा तिथलीच, आणि फकिरा त्यांच्या नात्यातला, खरोखर होऊन गेलेला माणूस. सुरुवात होते त्याच्या बापापासून, राणोजीपासून. शिगावला जोगिणीची जत्रा भरते, वाटेगावला भरत नाही. जोगीण पळवून आपल्या गावच्या शिवेच्या आत आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, असा रिवाज. पाठलाग करणाऱ्यांनी मारायचं ते आपल्या हद्दीत. शीव ओलांडली की हात आवरायचा. राणोजी जोगीण आणतो, शीव ओलांडतो, आणि तरीही शिगावचा खोत त्याला ठार करतो. म्हणजे बघा, कादंबरीतला पहिला गुन्हा नियम मोडण्याचा आहे, आणि तो मोडतो प्रतिष्ठित माणूस.

पुढे फकिरा मोठा होतो. जोगीण परत न्यायला आलेला तोच खोत त्याच्या तलवारीखाली सापडतो. सूडकथा असती तर इथे मुंडकं उडालं असतं. फकिरा त्याचा हात तोडतो आणि जीव सोडतो. बापाच्या मरणाचा हिशोब मागतानाही हा माणूस एक मर्यादा सांभाळतो. त्याचं शील इथेच पूर्ण झालेलं आहे: गावासाठी जीव धोक्यात घालायचा, पण मर्यादा सोडायची नाही. पुढच्या साऱ्या कादंबरीत यात कणभरही भर पडत नाही. मग पुढे उरतं काय?

उरतं ते हे, की याच वागण्याची नावं बदलत जातात. जोगिणीसाठी लढला तेव्हा सगळं गाव म्हणालं, हा आमचा वीर. मग दुष्काळ येतो, मांगवाड्यात माणसं भुकेनं मरायला लागतात. विष्णुपंत कुलकर्णी त्यांना सांगतात की मरू नका, जगा. फकिरा माळवाडीच्या मठकऱ्याच्या वाड्यातलं धान्य लुटून माणसं जगवतो. धाडस तेच, हेतू तोच; पण आता त्याचं नाव दरोडा. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटला जातो आणि तेच धाडस राजद्रोहाच्या जवळ जाऊन बसतं. माणूस एक, वागणं एक, नावं तीन.

आळंदीच्या घाटाच्या पायऱ्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. इंद्रायणीला पाणी किती चढलं हे आपण पायऱ्या मोजून सांगतो. पायऱ्याही पाण्याबरोबर वरखाली होऊ लागल्या तर पूर कळणारच नाही. फकिरा या कादंबरीत पायरीचं काम करतो. तो हलत नाही म्हणून गाव, कायदा आणि सत्ता किती हलली ते वाचकाला मोजता येतं.

आता उलटं करून बघू. समजा अण्णाभाऊंनी आपल्याला हवा तसा ‘विकास’ दाखवला असता. साधा मुलगा, बापाचा खून, मनात कडवटपणा, मग भूक, आणि शेवटी दरोडेखोर. गोष्ट रंगली असती. पण अर्थ काय निघाला असता? परिस्थितीने चांगला माणूस बिघडवला. म्हणजे बिघाड शेवटी त्याच्यातच! आपण त्याची कीव केली असती आणि कायद्याला प्रश्न विचारायचं राहून गेलं असतं. फकिरा बिघडत नाही, म्हणून बिघाड दुसरीकडे शोधणं भाग पडतं.

अण्णाभाऊंना दुसरी वाट माहीत नव्हती असं नाही. ते कम्युनिस्ट चळवळीतले. गॉर्कीचा त्यांच्यावरचा प्रभाव सगळ्यांना ठाऊक आहे. गॉर्कीच्या ‘आई’मध्ये भित्री, मार खाणारी बाई हळूहळू क्रांतिकारक होते, ती सगळी कादंबरी बदलाची आहे. ‘फकिरा’त अण्णाभाऊ त्या वाटेनं जात नाहीत, आणि त्याचं कारण मला त्या काळच्या कायद्यात दिसतं.

गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी १८७१ साली आणला आणि १९११ साली तो मुंबई इलाख्यासकट सगळीकडे लागू करायची सोय केली. जमात एकदा गुन्हेगार म्हणून नोंदली की माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. त्यामागची समजूत अशी की गुन्हा रक्तात असतो, ही माणसं बदलणारच नाहीत. म्हणजे कायद्याच्या डोक्यातही एक न बदलणारा माणूस होता! हा कायदा देशभरात १९५२ साली रद्द झाला आणि सात वर्षांनी ‘फकिरा’ आली. कायदा म्हणत होता, तुम्ही जन्मानं असे आहात. अण्णाभाऊ उत्तर देतात की हा माणूस बदलत नाही हे खरं, पण तो स्वभावाने बांधला गेला आहे म्हणून नव्हे. प्रत्येक वळणावर तो तेच पुन्हा निवडतो म्हणून. आमच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत, स्वभाव मिळतो आणि शील राखावं लागतं. अॅरिस्टॉटलही शील सवयीने घडतं असं म्हणतो, आणि शोकांतिकेत मुख्यतः पालटतं ते दैव.

म्हणून न बदलणारं पात्र कच्चं आहे की पक्कं हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: तसंच राहण्याची किंमत वाढत जाते का? फकिराची वाढते. आधी जखमा, मग घरदार सुटतं, आणि शेवटी सरकार त्याच्यासाठी मांग समाजातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बायामुलांना डांबून ठेवतं. निसटून जाण्याची वाट मोकळी असताना तो येऊन हत्यार खाली ठेवतो. हा मनपालट नाही. राणोजीनं जे केलं तेच मुलगा करतो: आपला देह देतो, गाव सोडवतो.

आता उणंही सांगितलं पाहिजे. मधल्या भागात पराक्रमांमागून पराक्रम येतात आणि काही ठिकाणी किंमत वाढायची थांबते. तिथे कादंबरी सैल पडते, फकिरा थोडा वेळ खरोखरच सपाट होतो. राधेसारख्या, त्याच्या आईच्या, वाट्याला आणखी जागा हवी होती. कारण घाटाच्या पायरीवर पाण्याचा मार बसतो तो घरातल्या बाईलाही बसतो. नायक स्थिर असेल तर भोवतालची माणसं हलती हवीत. ती जिथे हलतात, तिथे ही कादंबरी फार उंच जाते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘फकिरा’ हातात घ्याल तेव्हा तो कुठे बदलला हे शोधू नका. त्याला कोण, कधी, काय म्हणतं याची समासात नोंद करत जा. शेवटच्या पानापर्यंत तुमच्याकडे एक यादी तयार होईल. ती फकिराविषयी थोडं सांगेल आणि नावं ठेवणाऱ्यांविषयी बरंच. आता तुमचे प्रश्न घेऊ या.