तीन चिन्हं आणि एक शिक्का

चित्रकलेचा परीक्षक होण्याचा मान मला आयुष्यात एकदाच मिळाला, आणि तोही मी बी.कॉम. असल्यामुळे. देवपुरातल्या आमच्या पतपेढीला बोधचिन्ह हवं होतं. गावातल्या एका तरुण चित्रकाराने तीन कल्पना दिल्या, आणि 'बँकेतला माणूस, त्याला कागद पारखता येतो' या न्यायाने मला निवड समितीत बसवलं. शाळेत मी काढलेल्या गायीला मास्तरांनी टेबल समजून गुण दिले होते, ही बाब मी उघड केली नाही.

पहिल्या कल्पनेत एकवीरादेवीच्या देवळाचा कळस होता, मागे उगवता सूर्य, खाली पांझरा, दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं आणि मध्ये हस्तांदोलन. दुसरीत नुसता वळणदार 'दे', देवपूरमधला. तिसरीत पांझरेवरचा पूल: दोन काठ, वर एक कमान आणि खाली पाण्याच्या पाच रेघा.

पहिली रंगीत आणि चकचकीत कागदावर होती. बाकीच्या दोन पेन्सिलीने काढलेल्या. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे आप्पांनी, पहिली पाहिली, "ठरलं!" म्हणाले आणि चहा मागवला.

फसगत होते ती इथेच. या टप्प्याला चित्र निवडायचं नसतं, पुढे वाढवायची कल्पना निवडायची असते. तीन कर्जअर्जांपैकी एक टाईप केलेला आहे म्हणून तोच मंजूर करण्यातला हा प्रकार. मी चित्रकाराला विनवलं, की बाबा, तिन्ही काळ्या शाईत आणि एकाच मापात काढून दे. मग त्यांची झेरॉक्सवर अर्ध्या इंचाची लहान प्रत काढली, कारण आमचं चिन्ह भिंतीपेक्षा शिक्क्यावर, पासबुकावर आणि पावतीवरच जास्त नांदणार होतं. त्या चिठ्ठ्या काउंटरपलीकडे धरून शिपाईबुवांना विचारलं.

पहिल्यावर ते बराच वेळ विचारात पडले. "हाई काय शे, भाऊ? कोंबडी?"

दुसऱ्यावर तात्काळ उत्तर : "दे."

तिसऱ्यावर : "पूल शे. पण खाली हाई काळं काय?" पाचही रेघा मिळून डांबर झालं होतं.

आता नापास तर पहिली आणि तिसरी दोन्ही झाल्या. पण नापास-नापासात फरक असतो. तिसरीचं दुखणं रेघांचं होतं. पाचाच्या जागी एकच जाड रेघ काढली, की संपलं. पहिलीचं दुखणं कल्पनेतच होतं. तिच्यात पाच गोष्टी. चार काढल्या तर ती पहिली उरत नाही. दुसरी कुठल्याही मापात ठणठणीत होती, पण कर्जवसुलीच्या नोटिशीच्या माथ्यावर 'दे!' छापलेलं मी डोळ्यांसमोर आणलं आणि मलाच घाम फुटला. शिवाय 'दे' देवळ्याचाही आणि देऊळगावचाही. नदीपलीकडचं धुळं आणि अलीकडचं देवपूर जोडणारा पूल मात्र आमचाच.

आप्पांनी तोडगा काढला, "पहिलीचा सूर्य घ्या, तिसरीचा पूल घ्या आणि कमानीत 'दे' बसवा. कुणी नाराज नको." समितीत हा तोडगा हमखास निघतो आणि त्यातून पुन्हा ती कोंबडीच जन्माला येते.

मी स्टेट बँकेचा दाखला दिला. तिचं चिन्ह १९७१ साली आलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांचं ते काम. एक गोल, मध्ये लहान गोल आणि खाली उतरणारी फट, एवढाच ऐवज. त्यात कुणाला कुलपाचं भोक दिसतं, कुणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव. अर्थ लोक आपापला लावतात, पण केवढंही लहान छापा, आकार ओळखू येतोच. त्यात सूर्यही घालू या, असं तिथे कुणी म्हटलं असतं तर?

मग सभेसाठी टिपण लिहिलं. 'समितीस आवडले' हे शब्द त्यात नव्हते, कारण आवडीला उत्तर फक्त नावडीचं असतं आणि सभा रात्रभर चालते. आधी चिन्ह कुठे वापरायचं ते लिहिलं, मग प्रत्येक कल्पना तिथे कशी टिकली ते, आणि शेवटी निवडलेल्या कल्पनेतला दोष व त्याची दुरुस्ती. दोष आपणच लिहिला, की सभासदांना तो शोधून काढण्याचा आनंद मिळत नाही. टिपणाची एक प्रत चित्रकारालाही दिली. रंगीत चित्रासाठी त्याने रात्री जागवल्या होत्या. ते का गेलं, हे त्याला कळणं हा त्याचा हक्कच होता.

ठराव मंजूर झाला. पुलाचा पहिला शिक्का शिपाईबुवांनीच उमटवला, निरखून पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "आता समजलं. इकडचा पैसा तिकडे!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी कांकरिया तलावाकडे बोट दाखवलं आणि चहा मागवला.