प्रसंग कशाचा पुरावा? : ‘मुळशी पॅटर्न’चे एक परीक्षण तपासताना

माध्यम-अभ्यासाच्या विद्यार्थ्याने प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाचे परीक्षण लिहिले आहे, आणि त्यात दोन विधाने आहेत, असे मानू. पहिले, चित्रपट गुंडगिरीचे उदात्तीकरण करतो. दुसरे, जमीन विकल्यामुळे मुळशीतील तरुण गुन्हेगारीकडे वळले. दोन्ही विधानांखाली प्रसंगांचे दाखले आहेत. तरीही त्यांचे मोल सारखे नाही.

पहिल्या विधानासाठी ‘आरारारा’ या गाण्याचा दाखला दिला जातो. गाण्यात जल्लोष आहे हे खरेच. पण तेवढ्याने उदात्तीकरण सिद्ध होत नाही. जल्लोष पात्रांचा आहे की चित्रपटाचा, हे परीक्षकाने दाखवावयास हवे. कॅमेरा टोळीकडे कोठून पाहतो, गाण्याआधी व नंतर कोणते प्रसंग जोडले आहेत, याचे वर्णन नसेल तर हाती उरते ते केवळ गाण्याचे नाव. शिवाय याच चित्रपटात मोहन जोशींनी उभा केलेला सखा पाटील आहे. जमीन गमावून हमालीवर आलेला हा बाप मुलाच्या, राहुलच्या, दरा‍ऱ्याला यश मानत नाही. विरोधात जाणाऱ्या या प्रसंगांना परीक्षक सामोरा गेला नाही, तर विधान चुकीचे ठरत नाही, अपुरे मात्र ठरते. बापाचे दुःख संवादांत राहते आणि पडद्यावरचा दिमाख राहुलच्याच वाट्याला येतो, असे त्याने दाखवले, तर तेच विधान बळकट होईल.

दुसऱ्या विधानाचा दोष अधिक खोल आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. जमीन जाणे, बापाची अवहेलना, मुलाचे शस्त्र उचलणे हा क्रम चित्रपटाने रचलेला आहे. चित्रपट काय म्हणतो याचा तो भक्कम पुरावा होय. मुळशी तालुक्यात काय घडले याचा नव्हे. ‘चित्रपट सांगतो की’ हे शब्द गळाले की कथानकाचे कार्यकारण समाजाचे होऊन बसते, आणि एका तालुक्यातील तरुणांवर शिक्का बसतो. शीर्षकातील ‘पॅटर्न’ हा शब्द या घसरणीला हातभार लावतो, कारण एका राहुलच्या कथेवरून तो सर्वसामान्य नियम सुचवतो.

समाजाविषयी बोलावयाचे तर पुरावा पडद्याबाहेरून आणावा लागतो. तो आणताच गुंतागुंत वाढते. याच मुळशीत टाटांच्या धरणात जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तेथे जमीन सक्तीने गेली. चित्रपटात ती विकली जाते. म्हणजे जमीन जाणे हे एकच कारण पुरत नाही. ती कशी गेली, पैसा कोठे गेला, पुढे कोणते काम उरले, हे प्रश्न शिल्लक राहतात. हिंजवडीही याच तालुक्यातील, याचा विचार परीक्षणात कोठेच नसतो.

अशा परीक्षणाला गुण देताना पहिल्या विधानापुढे ‘आणखी प्रसंग हवेत’ असा शेरा पुरेल. दुसऱ्यापुढे तो चालणार नाही. तेथे वाक्यच बदलून घ्यावे लागेल.