एकाच वेळी दोन ठिकाणी

नागपूरच्या ताजुद्दीन बाबांच्या चरित्रांत एकच करामत दोनदा भेटते. पहिल्यांदा ती सागरच्या छावणीत घडते. तरुण ताजुद्दीन पलटणीत शिपाई आहेत आणि रात्री त्यांचा पहारा आहे. गस्तीवरचा गोरा कॅप्टन त्यांना पहाऱ्यावर पाहतो, पुढे जातो, तर तेच दूर मशिदीजवळ ध्यान लावून बसलेले. तो उलट धावत येतो, तर शिपाई जागेवर हजर! दुसऱ्यांदा ती कामठीची आहे. २६ ऑगस्ट १८९२ रोजी बाबांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते आणि त्याच संध्याकाळी एका गोऱ्या अधिकाऱ्याला ते कामठीच्या रस्त्यावर चालताना दिसतात. अधिकारी चिडून इस्पितळ गाठतो. कुलूप शाबूत असते आणि बाबा आत बसलेले असतात.

एकाच वेळी दोन ठिकाणी दिसणे हा सूफी चरित्रांतला जुना साचा आहे. अवलियांची चरित्रे सांगणारा ग्रंथ म्हणजे तजकिरा. असे तजकिरे फारसीत शतकानुशतके लिहिले गेले, आणि त्यांत चमत्काराने हरणारा बहुधा सुलतान, काझी नाही तर जोगी असतो. कामठीच्या कथेत त्या जागी किल्ली बाळगणारा गोरा साहेब आला आहे. साचा जुना, पण त्यात भरलेला ऐवज छावणीतला.

या दोन्ही कथांची खरी गंमत मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. बाबा पहारा सोडत नाहीत आणि कोठडीही फोडत नाहीत. शिपायाची हजेरी लागलेली असते, रोग्याचे कुलूप तसेच असते, सरकारी नियमाला कुठे ओरखडासुद्धा नाही. साहेब चकित होतो, पण त्याला शिक्षा करायला कारण सापडत नाही. या कथा ज्यांनी प्रथम ऐकल्या ते पलटणीतले जवान, बाजारातले दुकानदार, कचेरीतले कारकून असणार, म्हणजे सरकारचे मीठ खाणारी माणसे. त्यांना बंडखोर पीर परवडला नसता. ड्यूटी न चुकवताही साहेबाच्या हुकमापलीकडे असलेला पीर मात्र त्यांच्या अगदी जवळचा होता. साक्षीदार म्हणून एखादा मुरीद न आणता न मानणारा साहेब आणणे, यात कथा सांगणाऱ्याचे कसब आहे.

इतिहासकार इथे ‘हे घडले का?’ या प्रश्नावर अडून राहत नाही. कोणी सांगितले, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले, हे तो आधी विचारतो. नाइल ग्रीन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुसलमान शिपायांच्या धर्मजीवनावरच्या आपल्या पुस्तकात ताजुद्दीन बाबांना याच वाटेने वाचले आहे. काळाचे अंतर किती फरक पाडते, हे पाहायला खुलताबादकडे वळावे. तिथले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले. त्यांची वचने काशानी बंधूंनी प्रत्यक्ष ऐकून टिपली. या मलफुजातांत शिकवण, वागणूक आणि रोजच्या भेटीगाठी भरपूर आहेत. सातशे पालखीवाल्या अवलियांसह दख्खनमध्ये उतरणे यांसारख्या भव्य गोष्टी मात्र कितीतरी नंतरच्या आहेत. कार्ल अर्न्स्ट यांनी हे थर वेगळे करून दाखवले. विजापूरच्या तथाकथित लढवय्या सूफींबद्दलही त्यांचा आक्षेप असाच आहे: घटनेनंतर शतकांनी लिहिलेल्या तजकिऱ्यावरून त्या शतकाचे चित्र काढता येत नाही, लिहिणाऱ्याच्या काळाचे काढता येते.

ताजुद्दीन बाबा १९२५ मध्ये गेले, म्हणजे इथे अंतर थोडे आहे. तारखांवरही कागदाची छाप दिसते. पुराण्या तजकिऱ्यात मृत्यूची तारीख जपली जाते, कारण त्या दिवशी उरूस भरायचा असतो. इथे इस्पितळात दाखल झाल्याचा दिवसही जपला गेला आहे. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी हमी भरून बाबांना सोडवून आपल्या वाड्यावर नेले, हेही चरित्रे सांगतात. हमी, सुटका, दाखल तारीख ही भाषा दर्ग्याची नव्हे, कचेरीची आहे.

आणि मग चांद्याचा उल्लेख. बाबांनी नोकरी सोडल्यावर लोक त्यांना वेडा म्हणू लागले, तेव्हा चांद्याच्या जंगलखात्यात नोकरीला असलेले त्यांचे मामा त्यांना आपल्याकडे घेऊन गेले आणि औषधोपचार केले, असे चरित्रांत येते. त्या काळचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि १९८२ मध्ये वेगळे झालेले गडचिरोली. माणूस जंगलाच्या मुलखात गेला म्हटल्यावर वाघ वश करणे, झाडाखाली साक्षात्कार होणे, असे काय काय रचता आले असते! कथेने तसे काही केले नाही. घरच्यांना संत ओळखू न येणे हासुद्धा एक ठरलेला प्रसंग आहे, शिवाय मजझूब म्हणजे ईश्वरप्रेमात भान हरपलेला अवलिया, त्यामुळे वेडेपणाचा शिक्का त्याला भूषणच ठरतो. म्हणून ‘लाजिरवाणे आहे, तेव्हा खरे असावे’ ही नेहमीची कसोटी इथे चालत नाही. पण मामाचे खाते आणि गावाचे नाव कोणत्याही साच्यातून येत नाही. त्याने बाबांचा मोठेपणा तसूभरही वाढत नाही. कुटुंबात कोणीतरी ते आठवत होते, एवढ्याच कारणाने ते टिकले असावे, आणि चरित्रातल्या अशाच ओळींवर इतिहासकार आधी बोट ठेवतो.