तक्त्यात ‘ले’ कुठाय?

आमच्या वस्तीतली सातवीतली एक पोरगी गेल्या पावसाळ्यात शाळेत उभी राहिली आणि म्हणाली, ‘गुरुजी, मले येत नाई.’ वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, ‘आधी मराठी शिक, मग विभक्ती शिक.’ त्या दिवसापासून पोरगी वर्गात बोलायची बंद झाली. फळ्यावर तेव्हा विभक्तीचाच तक्ता होता. प्रथमा, द्वितीया, तृतीया. स ला ते, स ला ना ते.

मित्रांनो, गंमत बघा. ‘मले’ हा विभक्तीचा धडधडीत नमुना आहे. पोरीनं प्रत्यय बरोबर लावला होता. फळ्यावर नसलेला उदाहरणाचा शब्द तिनं तोंडानं दिला होता आणि शिकवणाऱ्याला तो ओळखता आला नाही. मी टीका करतोय ती ह्या तक्त्यावर आणि तो शिकवायच्या रीतीवर. एका मास्तरवर नव्हे.

तक्ता नीट वाचा. द्वितीयेच्या खणात ‘स, ला, ते’ असे तीन प्रत्यय. ‘ते’ कोण बोलतं? जुन्या ओवीत ‘तयातें’ सापडतं, बाजारात सापडत नाही. पण मेलेल्या ‘ते’ला खणात जागा आहे, आणि वऱ्हाड-नागपुरात, खानदेशात रोज तोंडातोंडी असलेल्या ‘ले’ला नाही. पोरांना वाटतं की आपल्या बोलण्याला व्याकरणच नाही.

दुसरं. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. दोन नावं, माल एकच. खण आठ का? संस्कृतात आठ म्हणून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापलं गेलं १८३६ साली, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. अरविंद मंगरुळकरांनी १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ अशा नावाचं पुस्तकच लिहिलं. विद्वान आपसात वाद घालत राहिले, शाळेतला तक्ता मात्र भिंतीवरून हलला नाही. बाबासाहेबांनी पालीचं व्याकरण तयार केलं होतं, ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात १९९८ साली छापून आलं. त्या पालीत ‘बुद्धस्स’ म्हटलं की बुद्धाचा असाही अर्थ होतो आणि बुद्धाला असाही. एक रूप, दोन कामं. भाषेत असं चालतं. म्हणून खणाचं नाव पाठ करण्याआधी प्रत्यय काय काम करतो ते बघावं लागतं, आणि काम बघायला वाक्य लागतं. तेही जिवंत.

आम्ही विहारात संध्याकाळचा वर्ग घेतो. सहावी ते आठवीची चौदा पोरं. तिथं हा धडा तीन संध्याकाळी घेतला, तो कसा घेतला ते सांगतो. ज्याला उचलायचा त्यानं उचलावा.

पहिली संध्याकाळ फक्त वाक्यं गोळा करायची. ‘द्वितीयेचं वाक्य सांग’ असं विचारायचं नाही. तसं विचारलं की पोरं पुस्तकातला राम आणि पुस्तकातलं फळ आणून देतात. विचारायचं, ‘काल घरी काय झालं?’ पोरगं बोलेल तसंच चिठ्ठीवर उतरायचं, एक अक्षर न बदलता. इथंच पहिली चूक होते, आणि ती माझ्याकडूनही झाली. पोरगं म्हणालं ‘मायनं’, माझ्या हातानं लिहिलं ‘आईने’. हातालाही शाळेचं वळण लागलेलं असतं. म्हणून चिठ्ठी लिहून झाली की पोराला वाचून दाखवायची आणि विचारायचं, ‘असंच म्हटलं का तू?’

दोन-दोन वाक्यं धरून अठ्ठावीस चिठ्ठ्या झाल्या. काही मी बाजूला ठेवल्या. कुणाचा बाप पिऊन आला, कुणाच्या घरी मारहाण झाली, हे फळ्यावर मांडायचं नसतं. उरलेल्यांतून अशी वाक्यं निवडली, ज्यांत तोच शब्द वेगवेगळ्या रूपांत येतो. फळ्यावर ही आली:

म्हैस वावरात गेली.
बाबानं म्हशीले पाणी पाजलं.
म्हशीनं लाथ मारली.
पोट्टा पडला.
पोट्ट्याले लागलं.
मायले ताप आला.
मायनं भाकर केली.
ठेकेदारानं मायले पैसे नाई देले.
ठेकेदारानं बाबाले हाकललं.

दुसऱ्या संध्याकाळी विभक्ती हा शब्दच काढला नाही. एवढंच म्हटलं, म्हैस ह्या शब्दाखाली रेघ मारा. पोरांनी रेघा मारल्या आणि भांडण सुरू झालं. ‘म्हैसले’ का नाही? ‘म्हशीले’ का? म्हशी-ले, म्हशी-नं. पोट्ट्या-ले. म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं अंग बदलतो. व्याकरणात ह्या बदललेल्या अंगाला सामान्यरूप म्हणतात. शाळेचा तक्ता प्रत्ययापासून सुरू होतो, सामान्यरूप मागाहून कुठंतरी येतं. पोरांच्या वाक्यांत ते आधी दिसतं, आणि तेच आधी शिकवायला पाहिजे.

मग कसोटी. मी एक खोटा शब्द दिला, ‘झगोडा’. असा शब्द जगात नाही. त्याला मार बसला असं म्हणा. पोरं एका सुरात म्हणाली, ‘झगोड्याले मारलं.’ झगोडाले कुणी म्हटलं नाही. हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता, तरी नियम लागला. नियम त्यांच्या डोक्यात होताच. पण मग ‘बाबा’चं काय? तोही आकारान्त, तरी बाब्याले नाही, बाबाले. काकाले, दादाले. पोरांनीच शोधलं की नात्याचे असे शब्द बदलत नाहीत. पुस्तकी मराठीतही काकाला, दादाला असंच चालतं.

एक खड्डा सांगून ठेवतो. ‘वावरात’ तोडताना निम्मी पोरं ‘वावर’ अधिक ‘आत’ असं तोडतात. चूक कळायला दुसरा शब्द लागतो. ‘शाळेत’ घ्या. तिथं ‘आ’ कुठाय? शाळे-त. म्हणून वावरा-त. आणि ‘शाळेतून’ आलं की त-वर ऊन चढतो, एकावर एक दोन प्रत्यय. तक्त्यात अशा जोडीला खणच नाही. तेही पोरांना सांगावं, लपवू नये.

तिसरी संध्याकाळ ‘ले’ची. तीन वाक्यं शेजारी ठेवली. ठेकेदारानं बाबाले हाकललं. ठेकेदारानं मायले पैसे नाई देले. मायले ताप आला. विचारलं, ‘ले’ ज्याला लागला त्याचं काय होतं? पहिल्यात क्रिया थेट बापावर पडते. दुसऱ्यात पैसे मायकडं जायचे असतात. तिसऱ्यात माय काही करत नाही, तिला ताप सोसावा लागतो. मले भूक लागली, मले येत नाई, ही वाक्यं तिसऱ्या जातीची. पहिल्या कामाला पुस्तक द्वितीया म्हणतं, दुसऱ्या-तिसऱ्याला चतुर्थी. नावं आता सांगितली. कामं समजल्यावर नावं दहा मिनिटांत बसली.

मग मी विचारलं, मायनं भाकर केली, इथंही क्रिया भाकरीवर पडते, मग ‘भाकरीले’ का नाही? एक पोरगं म्हणालं, ‘भाकर माणूस नोय म्हून.’ बरंचसं बरोबर आहे. क्रिया ज्याच्यावर पडते तो माणूस असला तर बहुधा ‘ले’ लागतो, वस्तू असली तर बहुधा लागत नाही. जनावर मधे असतं. बाबानं म्हैस विकली असंही म्हणतो आणि म्हशीले हाकललं असंही. इथं क्रियापद बघा. ‘ले’ नाही तेव्हा विकली, म्हशीसारखं स्त्रीलिंगी. ‘ले’ लागला की हाकललं. क्रियापदानं म्हशीचा हात सोडला. पोट्टी हाकलली, पोट्टीले हाकललं. हे पोरं रोज बिनचूक करतात आणि कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

मागून दुसरी पोरगी म्हणाली, ‘मंग दगडाले लाथ मारली, कसं? दगड कुठं माणूस हाये?’ मी गप्प झालो. मग सगळ्यांनी मिळून वाक्य उलगडलं. ‘मारली’ हे कुणाशी जुळतं? लाथेशी. मारली गेली ती लाथ, आणि ती जाऊन बसली दगडाले. म्हणजे दगड दुसऱ्या वाक्यातल्या मायच्या जागी आहे. पैसे मायले, लाथ दगडाले. असा प्रश्न पुस्तकातल्या रामाच्या वाक्यावर पडला नसता. आपल्या वाक्यावर आपला हक्क असतो, म्हणून प्रश्न पडतो.

शेवटी वहीत दोन रकाने आखले. डावीकडं आपलं, उजवीकडं परीक्षेचं. म्हशीले, म्हशीला. म्हशीनं, म्हशीने. पोट्ट्याले, पोट्ट्याला. अंग तेच, प्रत्ययाची मात्रा तेवढी वेगळी. डावं अशुद्ध आणि उजवं शुद्ध असं म्हणायचं नाही. पण उजवा रकाना टाळायचाही नाही. काही साथी म्हणतात, प्रमाणभाषा झुगारून द्या. मला हे पटत नाही. अर्ज, परीक्षा, कोर्टाचा कागद उजव्या रकान्यात चालतो, आणि तो न आल्याचा दंड आपलंच पोरगं भरतं.

ह्या रीतीची मर्यादाही आहे. ‘स’ हा प्रत्यय पोरांच्या चिठ्ठ्यांत एकदाही आला नाही. तो लग्नपत्रिकेतून, सरकारी नोटिसीतून आणावा लागला: आपणास, जनतेस. मी-तू पहिल्या दोन संध्याकाळी बाहेर ठेवले, कारण ‘त्यानं भाकर खाल्ली’ होतं पण ‘मीनं’ होत नाही. तिथं पोरं अडकली असती. आणि तीन संध्याकाळी लागल्या, शाळेत ह्याला एक तास मिळतो. एकच तास असेल तर तिसऱ्या संध्याकाळची ‘ले’ची तीन वाक्यं तेवढी घ्या.

ती सातवीतली पोरगी तिन्ही दिवस मागं बसून होती. ‘मले येत नाई’ हे वाक्य मी तिला विचारून, शेवटी फळ्यावर लिहिलं. तिनं ‘ले’खाली रेघ मारली आणि ‘म’भोवती गोल काढला. म्हणाली, ‘इथं मी होता. त्याचं अंग बदललं.’

आता ती शाळेत काय बोलते ते बघायचं आहे. पुढच्या तक्त्याच्या तासाला तिनं विचारायचं ठरवलंय, ‘ते’ कुठं बोलतात गुरुजी?